आईबाबांच्या गोळ्यांची स्ट्रिप एकदा उलटी करून वाचा

मंडळी, उन्हाळा जवळ आला की आपल्यापैकी अनेकांकडे आईबाबा सहा महिन्यांसाठी येतात. बॅगेत चकलीची भाजणी, मेतकूट, नातवंडांचे कपडे आणि एका झिपलॉक पिशवीत सहा महिन्यांच्या गोळ्या. भाजणी आपण लगेच बाहेर काढतो. गोळ्यांची पिशवी मात्र त्यांची त्यांच्याकडेच राहते, कारण "बाबांचं बाबा बघतात". मीही असंच म्हणत होते. गेल्या वर्षी मे महिन्यातल्या एका शनिवारपर्यंत.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. बाबा 72 वर्षांचे, मधुमेह वीस वर्षांचा. मंगळवारी ते आणि आई पोचले. शनिवारी आम्ही सगळे उशिरा उठलो. बाबा नेहमीप्रमाणे पहाटेच उठले होते, आठ वाजता गोळ्या घेऊन सोफ्यावर बसले होते. "आता पोहे होतीलच" म्हणून काही खाल्लं नव्हतं. पोहे झाले साडेदहाला. मी हाक मारली तर नुसते बघत राहिले. कपाळावर घाम, हात थरथरत होते, बोलणं अडखळत होतं. आईने मशीन आणलं. साखर 52.

आपल्या सगळ्यांना माहीत असतं, साखर कमी झाली की साखर द्यायची. नवऱ्याने तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी 54. पुन्हा साखरपाणी. अजून पंधरा मिनिटांनी 57. एवढी साखर पोटात जाऊनही आकडा जवळजवळ जागचा हलत नव्हता. आम्ही 911 लावला. पॅरामेडिक आले, त्यांनी हिरडीला ग्लुकोजचं जेल लावलं, हाताला सुई लावली, आणि मग बाबांनी मला नावाने हाक मारली.

इमर्जन्सीत डॉक्टरांचा पहिला प्रश्न : "हे कोणती औषधं घेतात?" मी ऐटीत पिशवी पुढे केली. त्यात स्ट्रिपचे तुकडे होते. केमिस्टने कात्रीने कापून दिलेले. एका तुकड्यावर ब्रँडचं अर्धं नाव, दुसऱ्यावर फक्त किंमत. भारतीय ब्रँडची नावं तिथल्या डॉक्टरांना काहीच सांगत नव्हती. आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. शेवटी आईने घरून दोन अख्ख्या स्ट्रिपचे फोटो पाठवले आणि आम्ही मागची बारीक अक्षरं मोठी करून वाचली.

पहिल्या स्ट्रिपवर होतं : ग्लिमेपिराइड 2 मिलिग्रॅम, मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड 500 मिलिग्रॅम. दुसऱ्या स्ट्रिपवर, जिचं नाव वेगळं, रंग वेगळा, कंपनी वेगळी : ग्लिमेपिराइड 2 मिलिग्रॅम, मेटफॉर्मिन 500 मिलिग्रॅम, आणि व्होग्लिबोज 0.2 मिलिग्रॅम.

दुसरी गोळी म्हणजे पहिलीच गोळी, वर एक औषध जास्त. निघायच्या आठवड्यात डॉक्टरांनी पहिली बदलून दुसरी दिली होती. बाबांच्या डोक्यात बसलं की "नवीन गोळी वाढवली". बॅग भरताना जुन्या स्ट्रिप फेकवल्या नाहीत, त्याही आल्या. सकाळी दोन्ही, रात्री दोन्ही. दिवसाला ग्लिमेपिराइड 4 मिलिग्रॅम ठरलं होतं, पोटात जात होतं 8. मेटफॉर्मिन 1000 ऐवजी 2000. त्यात जेटलॅगने जेवण अर्ध्यावर आलेलं.

आता या तीन नावांचं काम समजून घ्या, कारण धोका कुठे आहे ते त्यातूनच कळतं. मेटफॉर्मिन एकटं असेल तर साखर सहसा धोक्याइतकी खाली नेत नाही. ग्लिमेपिराइड वेगळं आहे. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, आणि तुम्ही जेवलात की नाही याची वाट बघत नाही. त्याचा परिणाम दिवसभर टिकतो. म्हणूनच साखर वर आल्यावरही बाबांना रात्रभर दवाखान्यात ठेवलं. पहाटे ती पुन्हा 68 वर घसरली तेव्हा मला त्याचं कारण समजलं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिपिझाइड ही सगळी एकाच घरातली भावंडं. स्ट्रिपवर यांपैकी एक नाव दिसलं की समजा, "ही गोळी घेऊन जेवण चुकवायचं नाही". पण नुसत्या 'ग्लि' वर जाऊ नका. सिटाग्लिप्टिन, डॅपाग्लिफ्लोझिन यांच्या नावातही 'ग्लि' आहे, पण ती दुसऱ्या घराण्यांतली.

व्होग्लिबोजची गंमत निराळी. ते आतड्यात काम करतं. आपण खाल्लेला भात, पोळी, साखर यांचं तुकडे होऊन ग्लुकोज बनण्याची क्रिया ते मंदावतं, म्हणजे जेवणानंतर साखर एकदम उसळत नाही. म्हणून ते जेवणाच्या अगदी सुरुवातीला घ्यायचं असतं. पण आपली घरातली पांढरी साखरही तशीच तुटावी लागते, तेव्हाच रक्तात जाते. व्होग्लिबोज पोटात असताना साखरपाणी दिलं तर ते चढतं, पण हळूहळू. अर्धा तास आमचं साखरपाणी का चाललं नाही, त्याचं उत्तर हे होतं. अशा माणसाला थेट ग्लुकोज लागतं, कारण ते तोडावं लागत नाही.

डॉक्टरांनी व्होग्लिबोज हे नाव पहिल्यांदाच ऐकलं होतं. अमेरिकेत ते मिळतच नाही. त्यांनी शोधून पाहिलं आणि म्हणाले, "अच्छा, आमच्या अकार्बोजसारखं." अकार्बोजलाही ग्लुकोजचाच नियम लागू आहे. भारतात मात्र ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज असं तिघांचं मिश्रण अगदी सर्रास लिहून दिलं जातं. म्हणजे तुमच्या घरातल्या पिशवीतही असू शकतं.

मग स्ट्रिप वाचायची कशी? पुढचं मोठं नाव सोडून द्या. ब्रँडच्या नावाला जोडलेला आकडा कोणाचा आहे हे नावावरून सांगता येत नाही. '2' असेल तर बहुतेक ग्लिमेपिराइडचे मिलिग्रॅम, '500' असेल तर मेटफॉर्मिनचे. 'फोर्ट' लिहिलं असेल तर बऱ्याचदा मेटफॉर्मिन 1000 असतं, पण खात्री मागच्या ओळीवरूनच करायची. 'व्ही' किंवा 'ट्रायो' दिसलं तर तिसरं औषध शोधा.

स्ट्रिप उलटी केली की "प्रत्येक गोळीत" अशा अर्थाच्या इंग्रजी ओळीखाली खरी नावं असतात. नावापुढचं 'आय.पी.' म्हणजे इंडियन फार्माकोपिया, औषधाच्या दर्जाचं मानक. तो वेगळा घटक नाही. प्रत्येक नाव आणि त्याचे मिलिग्रॅम एका कागदावर उतरवा, सगळ्या स्ट्रिपचे एकाखाली एक. एकच नाव दोनदा आलं की थांबा आणि डॉक्टरांना फोन करा. कधीकधी दोनदा देण्यामागे कारण असतं, म्हणून आपल्या मनाने एखादी गोळी बंद करू नका. पण विचारा नक्की. आम्ही हा कागद मंगळवारीच केला असता तर त्यावर ग्लिमेपिराइड दोनदा दिसलं असतं, आणि शनिवार आलाच नसता.

त्याच ओळीत मेटफॉर्मिनपुढे 'सस्टेन्ड रिलीज' किंवा 'प्रोलाँग्ड रिलीज' लिहिलेलं असतं. नावात त्याचंच एसआर, पीआर, ईआर किंवा एक्सआर होतं. म्हणजे औषध कित्येक तास हळूहळू सुटतं. अशी गोळी चावायची नाही, कुटायची नाही. बाबा गोळी मोठी म्हणून अडकित्त्याने दोन तुकडे करून घेत, हेही त्याच दिवशी कळलं. गिळायला त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगून दुसऱ्या स्वरूपातलं औषध मागा.

याशिवाय चौकटीत एक इशारा असतो : वैद्यकीय देखरेखीशिवाय हे औषध घेणं धोक्याचं आहे. भारतीय कायद्याच्या 'शेड्यूल जी' मधल्या औषधांवर तो छापावाच लागतो. आपण तो सिगारेटच्या पाकिटावरच्या वाक्यासारखा नजरेआड करतो. पण त्यातला 'देखरेख' हा शब्द परदेशात आल्यावर जास्त खरा होतो. मेटफॉर्मिन मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. बाबांना उलट्या-जुलाब झाले, अंगातलं पाणी कमी झालं, किंवा आयोडिनचं कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन करायची वेळ आली, तर ते काही दिवस थांबवावं लागू शकतं. ते डॉक्टर ठरवतील, पण त्यासाठी मेटफॉर्मिन चालू आहे हे त्यांना कळायला हवं. ब्रँडच्या नावावरून ते कळणार नाही.

आणि घरात लहान मूल असेल तर शेवटची ओळही वाचा : मुलांच्या हाती लागू देऊ नका. ग्लिमेपिराइडची एक गोळीसुद्धा दोन वर्षांच्या मुलाची साखर धोक्याइतकी खाली नेऊ शकते, आणि तेही काही तासांनी, म्हणजे मूल खेळत असताना. आजोबांची वारांच्या कप्प्यांची डबी चिमुकल्या बोटांनाही सहज उघडते. मुलाने गोळी गिळल्याचा नुसता संशय असला तरी लक्षणांची वाट न बघता दवाखाना गाठा. अमेरिकेत पॉइझन कंट्रोलचा नंबर 1-800-222-1222 आहे.

आमच्या घरी आता काय बदललं ते सांगते. भारतातून निघण्याआधी प्रत्येक स्ट्रिपचा दोन्ही बाजूंनी फोटो येतो, केमिस्टने कापायच्या आधी. फ्रिजवर एक कागद आहे. त्यावर ब्रँडचं नाव नाही, फक्त औषधांची मूळ नावं, मिलिग्रॅम आणि वेळ. जुन्या स्ट्रिप मी स्वतः बाजूला काढल्या. सोफ्याशेजारी ग्लुकोजच्या गोळ्यांची नळी आहे. इथे कुठल्याही फार्मसीत मिळते, एका गोळीत 4 ग्रॅम ग्लुकोज. साखर 70 च्या खाली, म्हणजे यूकेतल्या मशीनवर 3.9 च्या खाली, गेली तर चार गोळ्या चावून खायच्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, आणि सावरल्यावर नीट खायचं. माणूस गुंगीत असेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काही कोंबायचं नाही, थेट आपत्कालीन नंबर. आणि ग्लिमेपिराइड चालू असेल तर एकदा आकडा वर आला म्हणून निश्चिंत व्हायचं नाही.

दवाखान्यातून घरी येताना बाबा गाडीत म्हणाले, "अगं, नाव वेगळं होतं ना दोघींचं. मला कसं कळणार?" खरंच आहे. वीस वर्षं त्यांनी एकही गोळी चुकवली नव्हती, त्या आठवड्यातही नाही.

आज रात्री घरी गेलात की ती झिपलॉक पिशवी मागून घ्या. चष्मा लावा, फोनचा टॉर्च लावा आणि स्ट्रिप उलटी करा. बाबा म्हणतील, "मला सगळं माहीत आहे." म्हणू द्या. त्यांच्या शेजारी बसून वाचा.