मधला परिच्छेद

मन्नाएखेळ्ळीला माहेरी गेले की माझा निम्मा वेळ ओसरीवर जातो. समोर सोलापूर-हैदराबाद महामार्ग, आणि तुरीच्या दिवसांत त्यावरून पोत्यांनी भरलेले ट्रॅक्टर सारखे जात असतात. या खेपेला ओसरीवर माझ्याशेजारी भाचा बसला होता, हातात मोबाईल घेऊन. हैदराबादच्या एका अन्नप्रक्रिया कंपनीत गोदामावर सहायकाची जागा निघाली होती. त्याआधी त्याने तीन ठिकाणी अर्ज केले होते आणि एकाही ठिकाणाहून साधं उत्तर आलं नव्हतं. वहिनीने मला चहा देताना हळूच सांगितलं, "बघा ना जरा ताई, पोरगं कामाला वाईट नाही, पण कागदावर काय लिहितो कोण जाणे."

मी पुण्याच्या एका कारखान्यात अठरा वर्षं आलेले अर्ज चाळायचं काम केलं. म्हणून पत्र माझ्याकडे आलं. पत्र इंग्रजीत होतं, इथे मराठीत सांगते. पहिला परिच्छेद ठीक होता, कोणती जागा आणि जाहिरात कुठे पाहिली ते लिहिलेलं. शेवटचाही ठीक. मधला असा होता:

"मी गेली दोन वर्षे एका डाळमिलमध्ये आवक विभागात काम करतो. आवक नोंदवणे, वजनकाट्याच्या पावत्या तपासणे, ओलावा मोजणे, शेतकऱ्यांची बिले तयार करणे आणि गोदामातील साठ्यावर लक्ष ठेवणे ही माझी जबाबदारी आहे. मी प्रामाणिक आणि मेहनती आहे."

यात खोटं काहीच नाही. पण हुमनाबादपासून हैदराबादपर्यंत जेवढ्या डाळमिल असतील त्या प्रत्येकीत आवकेच्या टेबलावर बसणारा माणूस हेच लिहील. हा परिच्छेद वाचून खुर्ची कोणती ते कळतं, खुर्चीत कोण बसलंय ते कळत नाही. माझ्या टेबलावर असे अर्ज आले की मी ते बाजूला ठेवायची, फेकायची नाही. पण बाजूला ठेवलेल्या गठ्ठ्याकडे कोणी परत वळायचं नाही, हेही खरं.

मी त्याला एकच विचारलं. "तू त्या टेबलावर बसायला लागल्यापासून तिथलं काय बदललं?"

"काही नाही आत्या. मी काय मॅनेजर आहे का?"

मग मी वेगळं विचारलं. तू पहिल्या वर्षी गेलास तेव्हा तिथे रोज कशावरून भांडण व्हायचं? हा प्रश्न लागू पडला. ज्याला 'तुझं यश सांग' म्हटलं की जीभ चिकटते, तो भांडणाबद्दल तासभर बोलतो.

भांडण ओलाव्यावरून व्हायचं. ट्रॅक्टर आत यायचा, हमाल पोती उतरवायचे, आणि मग नमुना काढून यंत्रात घातला जायचा. ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला की भाव कापला जायचा. शेतकरी म्हणायचा, माझा माल वाळलेला आहे, पोती परत भरून द्या. तासभर हुज्जत चालायची, उतरवायची जागा अडलेली, आणि मागे पाच-सहा गाड्या खोळंबलेल्या. शेवटी मालक मध्ये पडून काहीतरी तोड काढायचे, आणि आधी केलेलं बिल फाडून दुसरं करावं लागायचं.

"मग आता?"

"आता मी फाटकावरच परखी लावतो. चार-पाच पोत्यांतून नमुना काढतो, शेतकऱ्याच्या समोर यंत्रात घालतो आणि आकडा टोकनावर लिहून देतो. पटला तर गाडी आत, नाही तर तो तिथूनच वळतो."

हे त्याने कोणाला न विचारता, दुसऱ्या हंगामात, २०२५ च्या जानेवारीत सुरू केलं होतं. आणि याला तो 'काही नाही' म्हणत होता! 'ओलावा मोजणे' या दोन शब्दांखाली ही सगळी गोष्ट पुरून टाकलेली होती.

गोष्ट सापडली, आता आकडा हवा. इथे बहुतेक जण अंदाजाने काहीतरी ठोकून देतात. आमच्याकडे एकदा अर्ज आला होता, 'ग्राहक ३०० टक्क्यांनी वाढवले'. बोलावून विचारलं, तर एकाचे चार झाले होते. हिशेबाने बरोबर, पण त्या मुलाचं पुढचं एकही वाक्य कोणी मनापासून ऐकलं नाही. लहान संख्येला टक्के लावू नयेत, सरळ 'एकाचे चार' लिहावं.

भाच्याकडे आकडे होते, फक्त ते आकडे आहेत हे त्याला माहीत नव्हतं. टोकनाच्या वहीत गाडी आल्याची वेळ असते. वॉचमनच्या रजिस्टरात गाडी बाहेर पडल्याची वेळ असते. दोन्ही वह्यांत गाडीचा नंबर असतो. मुनीमजींना विचारून त्याने दोन्ही हंगामांतला फेब्रुवारी महिना तेवढा उतरवून आणला, आणि आम्ही दोन संध्याकाळी ते मोबाईलवरच्या तक्त्यात भरत बसलो. एक ट्रॅक्टर चाक पंक्चर होऊन रात्रभर आतच उभा राहिला होता, तो वगळला आणि वगळल्याची नोंद ठेवली.

पहिल्या फेब्रुवारीत एका गाडीला सरासरी १९० मिनिटं लागत होती. दुसऱ्या फेब्रुवारीत ९५. पोरगं उड्या मारायला लागलं. "आत्या, बरोब्बर निम्मा वेळ! हेच टाकतो."

मी म्हटलं, थांब, रोज गाड्या किती येत होत्या? मोजलं तर पहिल्या वर्षी गर्दी जास्त होती, दुसऱ्या वर्षी आवकच कमी. गाड्या कमी आल्या की वेळ आपोआप कमी लागतो, त्याचं श्रेय परखीला कसं द्यायचं? म्हणून आम्ही फक्त असे दिवस घेतले ज्या दिवशी २५ ते ३० गाड्या आल्या होत्या. पहिल्या वर्षी असे ९ दिवस निघाले, दुसऱ्या वर्षी ७. त्या दिवसांची सरासरी १८५ वरून १२० मिनिटांवर आली होती. म्हणजे निम्मा नाही, एक तृतीयांशाहून थोडा जास्त वेळ वाचला.

त्याचं तोंड उतरलं. निम्मा हा शब्द त्याला फार आवडला होता. "कोण तपासायला येणार आहे?" असंही म्हणाला. तपासायला कोणी येत नाही हे खरं आहे, पण समोर बसलेला माणूस याच धंद्यातला असतो आणि तो पहिल्यांदा हेच विचारतो, की त्या वर्षी आवक कशी होती? तेव्हा 'निम्मा' म्हणणाऱ्याची गोची होते. १८५ आणि १२० म्हणणाऱ्याला उलट सांगायला काहीतरी मिळतं.

बिलांचं काम सोपं होतं. पहिल्या हंगामात ११५० बिलांपैकी ४६ दुरुस्त करावी लागली होती, दुसऱ्यात ९८० पैकी १४. शंभरात चार, आणि मग शंभरात दीडहून कमी. इथेही मी एक विचारून घेतलं, की बिलं करणारा माणूस मधे बदलला का? नव्हता बदलला. बदलला असता तर हा आकडा मी त्याला लिहू दिला नसता.

मग 'मी' की 'आम्ही' यावर घोळ झाला. यंत्र मालकांनी आधीच घेतलेलं होतं, वजन मुनीमजी बघत होते, वॉचमन वेळा लिहीत होता. त्याला वाटलं सगळीकडे 'आम्ही' लिहावं, नाही तर मोठेपणा होईल. आपल्या घरांतून हे फार असतं, स्वतःचं नाव घेतलं की जीभ अडखळते. पण सगळीकडे 'आम्ही' लिहिलं तर वाचणाऱ्याला याचा हात कुठे लागला ते कळणार नाही. मी म्हटलं, परखी फाटकावर कोणी नेली? "मी." मग त्या एका क्रियापदाला 'मी' लाव. यंत्राबद्दल बोलूच नकोस.

भावाची शंका दुसरीच होती. मालकांना कळलं तर? म्हणून मिलचं नाव, भाव, एकूण किती क्विंटल माल आला, यातलं काही पत्रात ठेवलं नाही. ते आकडे मालकांचे आहेत. वेळ आणि दुरुस्त्या एवढेच घेतले, आणि तेही मुनीमजींना दाखवून.

आता कापाकापी. गोदामातल्या साठ्याबद्दल त्याला काहीतरी लिहायचं होतं, पण तिथे त्याने नवीन काही केलं नव्हतं आणि मोजायलाही काही नव्हतं. ते बायोडेटात एका ओळीत राहिलं. 'प्रामाणिक आणि मेहनती' काढलं. वहिनीला त्याचं वाईट वाटलं. भाषांचं मात्र मी राहू दिलं. त्याला आकडा नाही, पण आमच्याकडे एका रांगेतला पहिला शेतकरी कन्नड बोलतो, दुसरा मराठी आणि तिसरा हिंदी, आणि ओलाव्याचा आकडा तिघांनाही त्यांच्या भाषेत पटवावा लागतो. हैदराबादच्या गोदामाला ते उपयोगी आहे.

जाहिरातीत 'आवक वेळेत आणि बिनचूक हाताळणे' असे शब्द होते. तिथूनच परिच्छेद सुरू केला:

"आपण आवक वेळेत आणि बिनचूक हाताळण्याचा अनुभव मागितला आहे. मी ज्या डाळमिलमध्ये काम करतो तिथे तुरीच्या हंगामात गर्दीच्या दिवशी २५ ते ३० वाहने येतात. पूर्वी ओलावा माल उतरवल्यावर मोजला जाई आणि त्यावरून वाद होत. जानेवारी २०२५ पासून मी नमुना फाटकावरच, शेतकऱ्यासमोर काढून आकडा टोकनावर लिहू लागलो. सारख्याच गर्दीच्या दिवसांत एका वाहनाला लागणारा वेळ सुमारे ३ तासांवरून २ तासांवर आला, आणि दुरुस्त कराव्या लागणाऱ्या बिलांचे प्रमाण शंभरात ४ वरून दीडहून कमी झाले. हे काम मी रोज मराठी, कन्नड आणि हिंदीतून करतो."

१८५ आणि १२० मिनिटं पत्रात नेमकी लिहिली नाहीत, तीन आणि दोन तास वाचायला सोपे. नेमके आकडे, दिवसांची संख्या आणि वगळलेला ट्रॅक्टर, हे सगळं त्याने एका कागदावर उतरवून फाईलमध्ये ठेवलं.

पत्र गेल्यावर अकराव्या दिवशी बोलावणं आलं. जाऊन आल्यावर त्याने रात्री फोन केला. वीस मिनिटांपैकी पंधरा मिनिटं ते फाटकाबद्दलच विचारत होते म्हणे. शेतकरी फाटकावरून परत गेला तर मिलचं नुकसान नाही का, असंही विचारलं.

"मग काय सांगितलंस?"

"सांगितलं की किती परत गेले ते मी मोजलेलं नाही."

निकाल अजून यायचा आहे. या हंगामात परत जाणाऱ्या गाड्यांसाठी त्याने टोकनाच्या वहीत एक नवा रकाना आखलाय.