सुजेचे पाणी

रायपुरात मूत्रपिंडाच्या विकाराची गोष्ट निघाली, की गरियाबंद जिल्ह्यातील सुपेबेडा या गावाचे नाव निघाल्यावाचून राहत नाही; आणि अशा दूरदूरच्या गावांतून डायलिसिससाठी या शहरात येणाऱ्या रोग्यांच्या कागदांवरील ज्या एका आकड्यापाशी माझे मन वारंवार थबकते, तो म्हणजे त्यांच्या देहातील एकंदर पाण्याचा.

यूरिया देहातील सर्व पाण्यात पसरलेला असल्यामुळे, एका बैठकीत यंत्राने किती लिटर रक्त यूरियामुक्त केले, या संख्येला त्या पाण्याने भागल्याखेरीज उपचार पुरेसा झाला की नाही हे ठरत नाही. हा भागाकार म्हणजेच Kt/V, आणि आठवड्यातून तीन बैठका घेणाऱ्या रोग्यासाठी तो निदान 1.2 असावा, असा दंडक आहे. वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 साली, अनेक प्रौढांच्या प्रत्यक्ष मापनांवरून, हे पाणी अदमासण्याची सूत्रे बसविली. स्त्रियांसाठी उंची सेंटिमीटरांत व वजन किलोग्रॅममध्ये घेऊन सूत्र असे:

V = −2.097 + 0.1069 × उंची + 0.2466 × वजन

पुरुषांच्या सूत्रात वयही येते. स्नायूंत पाणी विपुल व मेदात अत्यल्प असते, म्हणून सारख्याच उंची-वजनाच्या स्त्रीपुरुषांत सामान्यतः पुरुषाचा आकडा मोठा निघतो.

आता 148 सेंटिमीटर उंचीची, सूज नसताना 40 किलो भरणारी एक स्त्री कल्पू. तिचे पाणी सुमारे 23.6 लिटर; मिनिटाला 180 मिलिलिटर या गतीने तीन तासांत 32.4 लिटर रक्त यूरियामुक्त झाले, तर भागाकार 1.37 येतो. परंतु अंगावर सूज राहून तिचे वजन 44 किलो असेल, तर सूत्र पाण्यात जेमतेम एका लिटरची भर घालून 24.6 सांगते, कारण वाढलेला प्रत्येक किलो मेद, स्नायू, अस्थी यांचे मिश्रण आहे असेच त्याने गृहीत धरलेले असते. वस्तुतः ते चारही किलो निव्वळ पाणी! खरा आकडा 27.6 च्या आसपास. म्हणजे कागदावर 1.32 असा समाधानकारक दिसणारा उपचार प्रत्यक्षात 1.17 वर, दंडकाच्या खाली, उतरलेला असतो. या सूत्राची हीच मर्यादा मला सर्वांत गंभीर वाटते, कारण ज्याला उपचाराची निकड अधिक, त्याच्याच बाबतीत ते खोटी खातरजमा देते.

म्हणून सूत्रात सूजविरहित वजन घालावे, आणि वरचे पाणी किलोमागे एक लिटर असे स्वतंत्र मिळवावे. शिवाय बैठकीपूर्वी व नंतर रक्तातील यूरिया मोजला, आणि तो 65 टक्क्यांनीही घटला नाही, तर सूत्राचा आकडा कितीही अनुकूल असला तरी बैठकीचा अवधी वाढविण्याची तजवीज करावी, आणि तत्पूर्वी नडगीवर अंगठा दाबून खड्डा राहतो का, ते पाहावे.