अंदाजाआधी फुली

राळेगावात माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं छोटंसं दुकान आहे. कापूस निघायला लागला की सातबारा, आधार आणि पासबुकाच्या झेरॉक्ससाठी सकाळपासून माणसं उभी असतात. मधेच लाइन जाते. मशीन गप्प होतं, गिऱ्हाइकं चहाच्या टपरीकडे सरकतात आणि मी काउंटरखालची चौकडीची वही काढतो. पूर्वी त्या वहीत उधारी लिहायचो, आता नोनोग्राम सोडवतो.

हे खूळ भाच्याने लावलं. दिवाळीत तो मोबाइलवर खेळत बसला होता. चौकोनी जाळी, प्रत्येक आडव्या ओळीच्या डावीकडे आणि प्रत्येक उभ्या ओळीच्या डोक्यावर काही आकडे. आकडा म्हणजे सलग काळ्या घरांचा एक ठोकळा. ओळीपुढे ४ १ ३ लिहिलं असेल तर आधी सलग चार काळी घरं, मग किमान एक रिकामं, मग एक काळं, पुन्हा किमान एक रिकामं आणि शेवटी सलग तीन काळी. क्रम बदलायचा नाही. सगळ्या ओळी जुळल्या की जाळीत चित्र उमटतं. जपानमधल्या नोन इशिदा या बाईंनी १९८७ साली उंच इमारतीच्या खिडक्यांतले दिवे लावून-विझवून चित्रं केली, त्यातून या कोड्याची कल्पना निघाली. तेत्सुया निशिओ यांना ती त्याच सुमारास स्वतंत्रपणे सुचली होती. १९९० मध्ये लंडनचं ‘संडे टेलिग्राफ’ ही कोडी छापू लागलं आणि इशिदाबाईंच्या नावावरूनच ‘नोनोग्राम’ हे नाव पडलं.

भाचा भराभर बोट मारत होता. चुकलं की मोबाइल एक बदाम कापायचा आणि बरोबर काय ते लगेच दाखवायचा. म्हणजे तीन चुका परवडतात हे पोराला ठाऊक होतं, आणि त्या तीन चुका तो चक्क विकत घेतल्यासारखा वापरत होता. कागदावर असं चालत नाही. कागद काही बोलत नाही. चुकीचं घर काळं केलं तर ते आठ-दहा ओळींनंतर उघडं पडतं, एखाद्या ओळीत आकडे बसेनासे होतात तेव्हा. तोवर त्या एका घराच्या भरवशावर बाकीची कितीतरी घरं भरून झालेली असतात आणि मूळ खोट कुठे ते सापडत नाही. म्हणून मी कोडी वहीत उतरवून घेतो. कागदावर अंदाज महाग पडतो, आणि तो महाग असला की माणूस आधी बाकीचे उपाय संपवतो.

पहिला उपाय ओव्हरलॅपचा. लांब बाकडं आखूड खोलीत कसंही सरकवा, मधली काही फरशी झाकलेलीच राहते. हिशेब असा: ओळीतल्या आकड्यांची बेरीज करायची, दोन ठोकळ्यांमधलं किमान एकेक रिकामं घर त्यात मिळवायचं आणि ती बेरीज ओळीच्या लांबीतून वजा करायची. उरतं ती मोकळीक. प्रत्येक ठोकळा एवढीच घरं सरकू शकतो. ज्या ठोकळ्याचा आकडा मोकळिकीपेक्षा मोठा, त्याची तेवढी जास्तीची घरं पक्की काळी. दहा घरांच्या ओळीत फक्त ८ असेल तर मोकळीक २, म्हणून मधली सहा घरं डोळे झाकून काळी करावीत. हे बहुतेकांना दोन दिवसांत जमतं. खरी अडचण सुरू होते ती मोकळीक जास्त निघाली की.

आता वरचीच ४ १ ३ ची ओळ पंधरा घरांची आहे असं धरू. बेरीज आठ, मधली दोन घरं धरून दहा. मोकळीक ५. सगळ्यात मोठा ठोकळा चारचा, म्हणजे ओव्हरलॅप शून्य. भाचा अशी ओळ पाहिली की पुढे जायचा, आणि तेवढ्यापुरतं ते बरोबरच होतं. पण काही वेळाने तिसऱ्या उभ्या ओळीचे आकडे पुरे झाले आणि आमच्या ओळीतलं तिसरं घर रिकामं असल्याचं ठरलं. भाच्याने तिथे फुली मारली आणि पुन्हा पुढे निघाला. मी म्हटलं, “थांब बापा. ह्या फुलीनं काय झालं ते तं पाय.”

झालं होतं ते असं. फुलीच्या डावीकडे दोनच घरं उरली. त्या फटीत चारचा ठोकळा मावत नाही, हे उघड आहे. पण एकचा मावतो की! भाच्याची पहिली शंका तीच होती आणि ती रास्त होती. फट बघताना नुसती लांबी बघून भागत नाही, क्रमही बघावा लागतो. एकच्या आधी चार यायलाच हवा, आणि तो त्या फटीत येऊ शकत नाही, मग एकही तिथे येऊ शकत नाही. म्हणून पहिल्या दोन्ही घरांवर फुल्या. आता ओळ पंधराची राहिली नाही, चौथ्या घरापासून पंधराव्यापर्यंत बाराची झाली. मोकळीक ५ वरून २ वर आली. चारचा ठोकळा चौथ्या, पाचव्या किंवा सहाव्या घरापासून सुरू होणार, म्हणजे सहावं आणि सातवं घर पक्कं काळं. तीनचा ठोकळा अकराव्या, बाराव्या किंवा तेराव्यापासून, म्हणजे तेरावं पक्कं काळं. एका फुलीतून आणखी दोन फुल्या आणि तीन काळी घरं निघाली, आणि त्या प्रत्येक घराने आपापल्या उभ्या ओळीत नवी खबर नेली. मेलेल्या ओळीत जीव येतो तो असा. म्हणूनच फुल्या न मारता कोडं सोडवणाऱ्याचा मला मनापासून राग येतो. काळं घर चित्र दाखवतं, पण कोडं सोडवते ती फुली.

कडेचा उपाय याच्याच जोडीचा आहे. ओळीचा पहिला आकडा ४ आणि दुसरं घर काळं झालेलं. ते पहिल्याच ठोकळ्याचं असणार, कारण त्याच्या डावीकडे एक घर आहे, तिथे चारचा ठोकळा संपून फट पडायला जागाच नाही. मग तो ठोकळा पहिल्यापासून सुरू झाला किंवा दुसऱ्यापासून. कसाही असो, दुसरं, तिसरं आणि चौथं घर काळंच. इथवर सगळे येतात. मग लोक लगेच सहाव्या घरावर फुली मारतात, आणि तिथे फसतात. ठोकळा दुसऱ्यापासून सुरू झाला असेल तर तो पाचव्यावर संपतो आणि सहावं रिकामं, हे खरं. पण तो पहिल्यापासून सुरू झाला असेल तर पाचवं रिकामं असतं, आणि सहाव्यापासून पुढचा ठोकळा खुशाल सुरू होऊ शकतो. तेव्हा पहिल्या घराचा निकाल लागेपर्यंत सहाव्याला हात लावायचा नाही.

एवढं सगळं दोनदा-तीनदा फिरवून झालं आणि काहीच हलेना की भाचा मान वर करायचा.

“मामा, आता अंदाजच लावा लागते.”

“कायले? दोन ओळी एकदम पायल्या का?”

हा उपाय मला उशिरा कळला, पण सगळ्यात आवडतो. कोड्याच्या अगदी वरच्या ओळीत समजा एकच आकडा आहे, ४. तिच्याखालच्या दुसऱ्या ओळीतला सगळ्यात मोठा आकडा २. आणि तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या उभ्या ओळींचे पहिले आकडे २ किंवा त्याहून मोठे. आता वरचा चारचा ठोकळा या तिन्ही घरांवर बसला, तर त्या तिन्ही उभ्या ओळींचे ठोकळे वरूनच सुरू झाले, आणि प्रत्येकाला दुसऱ्या ओळीतही उतरावंच लागेल. म्हणजे दुसऱ्या ओळीत सलग तीन काळी घरं. तिथे तर दोनपेक्षा मोठं काही नाही. तेव्हा ठोकळा दुसऱ्या किंवा तिसऱ्या घरापासून सुरू होऊ शकत नाही. त्या दोन्ही जागा बाद. दिसायला हा अंदाजच वाटतो, कारण आपण ‘समजा’ म्हणतो. फरक एवढाच की तो कुठे मोडतो हे पुढच्याच ओळीत दिसतं, आणि मोडला की हातात पक्की माहिती येते. कडेच्या ओळींवर हे चांगलं जमतं, मधल्या ओळींवर कमी, कारण मधे ठोकळा वरून आला की खालून गेला ते ठरलेलं नसतं.

यापुढे खरा अंदाज लावायचाच झाला, तर मी हलक्या पेन्सिलीने लावतो, आणि असं घर निवडतो की ज्याने लहान ओळीत लवकर भांडण लागेल. अंदाजाच्या घरांना ठिपका, पक्क्या घरांना गच्च काळं. विसंगती आली की सगळे ठिपके पुसून पहिल्या ठिपक्याच्या घराचा उलटा निकाल पक्का लिहायचा. विसंगती आली नाही तर मात्र काहीच सिद्ध झालेलं नसतं, ही गोष्ट भाच्याला पटायला वेळ लागला. आणि प्रत्येक नोनोग्राम अंदाजाशिवाय सुटेल अशी हमी कुणी देत नाही. १९९६ मध्ये उएदा आणि नागाओ या दोघांनी दाखवलं की सर्वसाधारण नोनोग्राम हे गणितातल्या अतिशय अवघड समजल्या जाणाऱ्या प्रश्नांच्या गटात बसतं, सगळ्या कोड्यांना चालेल असा झटपट उपाय माहीत नाही. मासिकांतली आणि मोबाइलवरची बहुतेक कोडी मात्र निवडूनच दिलेली असतात.

हे निवडणं काय असतं ते संक्रांतीला कळलं. दुकानात येणाऱ्या एका सातवीतल्या मुलीने स्वतः दहा बाय दहाचं पतंगाचं कोडं तयार केलं, मी ते सोडवायला बसलो. पतंग सुटला, शेपटी सुटेना. नवव्या आणि दहाव्या ओळीत फक्त एकेक काळं घर, आणि चौथ्या-पाचव्या उभ्या ओळींचा शेवटचा आकडाही एकेकच. चार घरं उरली होती. नवव्या ओळीत चौथं काळं केलं तर दहाव्या ओळीत पाचवं; नवव्यात पाचवं केलं तर दहाव्यात चौथं. दोन्हीकडून सगळे आकडे जुळत होते. इथे ओव्हरलॅप, कड, फट काहीच कामाचं नाही, आणि अंदाज लावला तरी तो चूक की बरोबर हे कुणीच सांगू शकत नाही, कारण दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. तिच्या चित्रात शेपटी उजवीकडे होती, पण आकड्यांना ते माहीत नव्हतं.

तिला मी एक घर वाढवायला सांगितलं. नवव्या ओळीत चौथं आणि पाचवं दोन्ही काळी, दहाव्यात पाचवं तसंच. आता नवव्या ओळीचा आकडा २ झाला, पाचव्या उभ्या ओळीचा शेवटचा आकडाही २, आणि दहाव्या ओळीतलं ते एक घर पाचव्याखेरीज कुठे जाऊच शकत नाही. शेपटी थोडी जाड दिसते. तुम्हीही मुलांसाठी अशी कोडी करणार असाल तर चित्र बाजूला ठेवून, नुसत्या आकड्यांवरून ती एकदा स्वतः सोडवा, आणि मगच झेरॉक्स काढा.