काल सकाळी चहा कोणी केला?

माझा निकाह 2003 साली झाला. त्याआधी आम्हा दोघांना दहा मिनिटं समोरासमोर बसवलं होतं. दाराशी फुफी बसलेल्या. त्यांनी विचारलं, "नोकरी करायची आहे का?" मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "आमच्याकडे कुणाची हरकत नाही." बोलणं संपलं. मला वाटलं, सगळं विचारून झालं.

सासरी माणसं नऊ. शाळा सकाळी सात वाजता भरायची. नोकरीला खरंच कुणाची हरकत नव्हती, पण पहाटेच्या भाकरी माझ्याच वाट्याला होत्या, कारण थोरल्या सुनेनं त्या करायच्या हा घरचा रिवाज. मी साडेतीनला उठत होते. कुणी खोटं बोललं नव्हतं. "हरकत नाही" या शब्दांचा अर्थ त्यांचा वेगळा होता आणि माझा वेगळा. तो एक करायला आम्हाला तीन-चार वर्षं लागली आणि त्या काळात मी सासूबाईंबद्दल मनात जे साठवलं, त्याची आज लाज वाटते. त्यांनी तरी मला कधी फसवलं होतं?

म्हणून गेल्या वर्षी भाचीसाठी स्थळं पाहायला लागलो, तेव्हा तिनं प्रश्नांची वही केलेली पाहून मला बरं वाटलं. ती डी. फार्म. झालेली, औषधांच्या दुकानात नोकरी करते. वहीत सतरा प्रश्न होते. घरकामात मदत कराल का? सासू-सासऱ्यांबरोबर राहावं लागेल का? पगार कुणाच्या हातात द्यायचा? पहिल्या स्थळाला तिनं ते एकापाठोपाठ एक विचारले. मुलानं सगळ्यांना "हो, हो, काही प्रॉब्लेम नाही" म्हटलं. चार दिवसांनी निरोप आला, "मुलगी शिकलेली आहे, पण वकिलासारखी बोलते."

भाची रडली. मी मात्र त्या वहीकडे शिक्षिका म्हणून पाहिलं. तोंडी परीक्षेत मूल आपल्याला हवं ते उत्तर देतं, स्वतःला वाटतं ते नाही. "मदत कराल का?" या प्रश्नाचं बरोबर उत्तर प्रत्येक मुलाला पाठ असतं. मी तिला म्हटलं, "बेटा, प्रश्न चुकीचे नाहीत, विचारण्याची तऱ्हा चुकली. मत विचारू नकोस, कालचा दिवस विचार. आणि आधी स्वतःचा सांग." सतरापैकी तीनच गोष्टी ठेवल्या: सकाळचं स्वयंपाकघर, राहायची खोली आणि तिचा पगार. बाकीच्या गोष्टी या तिघींच्या पोटातच होत्या.

दुसरं स्थळ कुपवाडच्या एमआयडीसीत पाळीनं काम करणाऱ्या मुलाचं. घरी आई-वडील, मोठा भाऊ, भाभी आणि त्यांची दोन मुलं. दोघं बैठकीत बसले, मी त्याच खोलीत जरा दूर वाटाणे सोलत होते.

भाची म्हणाली, "मी पावणेनऊला घर सोडते, यायला सात वाजतात. सकाळचा चहा आणि अम्मीचा डबा माझ्याकडे. तुमच्याकडे काल सकाळी चहा कोणी केला?"

मुलगा हसला. "भाभींनी. आईचे गुडघे दुखतात. माझी पहिली पाळी असली की भाभी साडेपाचला उठून डबा देतात."

"आणि दुसरी पाळी असेल तेव्हा?"

"तेव्हा मी झोपतो," तो म्हणाला आणि ओशाळला. "खरं सांगायचं तर नऊपर्यंत."

या दोन उत्तरांतून जे कळलं, ते सतरा प्रश्नांतून कळलं नसतं. त्या घराचा भार सासूवर नव्हता, भाभीवर होता. नवी सून पावणेनऊला बाहेर पडणार आणि भाभी दिवसभर दोघींचं काम ओढणार. उद्या कुरबूर झालीच तर सासू-सुनेत नव्हे, जावा-जावांत होणार होती. म्हणून पुढच्या भेटीत मी स्वयंपाकघरात जाऊन भाभींजवळ बसले. "भाभी, तुमचा दिवस कसा जातो?" एवढंच विचारलं. त्या म्हणाल्या, "आपा, रात्रीचा स्वयंपाक आणि भांडी कुणी उचलली, तर सकाळचं मी बघून घेईन." हे आधी त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

खोलीचा विषय नाजूक. "वेगळं राहाल का?" असं विचारलं की मुलाला ऐकू येतं, "आई-बापांना सोडाल का?" भाचीनं विचारलं, "आत्ता तुम्ही कुठे झोपता?" तो म्हणाला, हॉलमध्ये, गच्चीवर खोली बांधायची आहे. तिनं पुढचं विचारलं, "ती होईपर्यंत आपण कुठे राहायचं, यावर घरी बोलणं झालंय का?" तो गप्प झाला. मग म्हणाला, "नाही झालं. विचारून सांगतो."

"विचारून सांगतो" हे वाईट उत्तर नाही. वाईट असतं ते "अम्मी म्हणेल तसं" म्हणून विषय संपवणं, किंवा सांगतो म्हणून न सांगणं. या मुलानं आठ दिवसांनी स्वतः अब्बांना घेऊन येऊन सांगितलं की खोली झाल्यावरच निकाह करू. आमच्या मौलानांनी तेव्हा समजावलं, हनफी फिकहनुसार पत्नीला किमान अशी एक खोली मिळणं हा तिचा हक्क आहे, जिथे तिची इजाजत नसताना कुणी येणार नाही आणि जिला आतून कडी असेल. सासू-सासऱ्यांची खिदमत ही नेकी आहे, तिचं मोल मोठं आहे, पण ती कायद्याची सक्ती नव्हे. हे ऐकून मुलाच्या वडिलांना राग आला नाही, कारण हक्काची भाषा आम्ही आधी काढली नव्हती; गरज आधी बोलली होती.

तिसरी गोष्ट भाचीनं विचारली नाही, सांगितली. तिचे अब्बा हयात नाहीत. "मी अम्मीला महिन्याला चार हजार देते, लग्नानंतरही द्यायचे आहेत. तुमच्या घरी खर्चाचं कसं चालतं?" त्यानंही सांगितलं, त्याचा निम्मा पगार खोलीच्या भिशीत जातो. मग त्यानं तिला विचारलं, "माझ्या अम्मीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, तर सुट्टी काढाल?" भाची थोडी थांबली. म्हणाली, "आठ दिवस काढता येतील. त्यापुढे आपण दोघांनी वाटून घेऊ." मला तिथे कळलं की ही आता चौकशी उरली नव्हती. चौकशीत एकच जण विचारतो.

हजरत आयेशा (रजि.) यांना विचारलं गेलं होतं की प्रेषित (स.) घरी काय करत. त्यांनी सांगितलं, ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की निघत. तो प्रश्नही मताचा नव्हता, रोजच्या दिवसाचाच होता.

निकाहला आता सात महिने झाले. सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या पाळीच्या दिवशी जावई अजूनही नऊपर्यंत झोपतो आणि भाची फोनवर माझ्याकडे कुरकुरते. मी म्हणते, "हे तर त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." ती हसते. रात्रीची भांडी ती घासते, सकाळी भाभी तिचाही डबा भरतात. गेल्या महिन्यात तिच्या सासूच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. भाचीनं आठ दिवस रजा काढली. नवव्या दिवशी जावयानं पाळी बदलून घेतली.