छत्तीसचा ब्लाउज आणि माझा टेप

दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, ही हिंजवडीच्या फेज तीनमधली माझी नोकरी. त्यामुळे वहिनीने शिवलेले खणाचे ब्लाउज ऑनलाइन विकायचे ठरले, तेव्हा ‘ते टाकायचं वगैरे मी बघतो’ असं मी छातीठोकपणे सांगून टाकलं. वहिनी माणला राहते, घरीच शिवते. ब्लाउजबद्दलचं माझं ज्ञान मात्र तो साडीवर घालतात इथे सुरू होऊन तिथेच संपत होतं.

नाव द्यायला बसलो आणि आधी इतरांनी काय लिहिलंय ते पाहिलं. सगळ्यांनी शब्दांची रास ओतली होती, म्हणून मीही ओतली: ‘ट्रेडिशनल महाराष्ट्रीयन खण ब्लाउज लेटेस्ट डिझायनर पार्टी वेअर फॉर वुमन’. शोधणाऱ्याने काहीही टाइप केलं तरी आपला माल दिसला पाहिजे, हा हिशोब. माल दिसला, विकलाही गेला आणि चार दिवसांत परत आला. बाईंना फोन केला तर त्या वैतागून म्हणाल्या, ‘‘अहो दादा, शिवलेला कशाला पाठवलात? मला ओटीत घालायला खण हवा होता.’’ वहिनीला सांगितलं, तर तिने मशीनवरून मान वर न करता विचारलं, ‘‘भाऊजी, खण म्हणजे कापडच की. शिवलाय हे कुठे लिहिलंत तुम्ही?’’

कुठेच नव्हतं. मी माझाच मोबाइल काढून बघितलं. यादीत नावाचे पहिले काही शब्दच दिसत होते, उरलेलं तीन टिंबांत गडप. म्हणजे पार्सलमध्ये नेमकं काय येणार हे ठरवणारा शब्द अगदी पुढे हवा आणि कौतुकाचे शब्द नसले तरी कुणाचं काही अडत नाही. नवं नाव असं झालं: ‘शिवलेला खण ब्लाउज, अस्तरासह, पुढे हुक, कोपरापर्यंत बाही, मोरपंखी’. मी त्यात ‘हातमाग सिल्क’ घुसवायच्या बेतात होतो, कारण शेजारच्या दुकानदारांनी घुसवलं होतं. वहिनीने ते खोडलं. खणाचं मूळ गाव बागलकोट जिल्ह्यातलं गुळेदगुड्ड. तिथे आजही हातमाग चालतात. पण आपण आणतो ते कापड यंत्रमागाचं आणि रेशीम नव्हे, आर्ट सिल्क, म्हणजे नकली रेशीम. नंतर वाचलं की २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार जाहिरातीत सांगितलेले गुण वस्तूत नसतील, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. वहिनीने नियम वाचलेला नव्हता. तिला फक्त कापड कळत होतं.

मग फोटो. पहिला फोटो मी मोठ्या हौसेने काढला होता: वहिनीची मैत्रीण तोच ब्लाउज घालून, वर हिरवी काठापदराची साडी. देखणा होता. त्यावर आलेला एक अभिप्राय मला पाठ आहे: ‘साडी आली नाही. फसवणूक.’ साडेसहाशे रुपयांत ती साडी कशी येईल, असं मला वाटलं होतं. पण समोरच्या माणसाने किमतीवरून तर्क का लढवावा? मोठ्या बाजारपेठांचे नियम मी तोवर आडकाठी समजत होतो. अ‍ॅमेझॉनचा नियम आहे की पहिल्या फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी हवी, वस्तूने चौकटीचा सुमारे ८५ टक्के भाग व्यापायला हवा आणि जे विकत नाही ते त्यात दिसता कामा नये. आता पहिल्या फोटोत नुसता ब्लाउज, पुढून. मग मागून. मग आतली बाजू उलटून अस्तर आणि शिलाईतली जास्तीची माया दाखवणारा. साडीवाला फोटो शेवटी गेला, त्यावरच ‘साडी विक्रीत नाही’ असं लिहून. खाली वर्णनात लिहून भागत नाही, कारण वर्णन बहुतेक जण उघडतच नाहीत. मीही इतर काही घेताना उघडत नाही, हे तेव्हा लक्षात आलं.

रंगाने मात्र मला पार रडवलं. मोरपंखी ब्लाउज घेणाऱ्यांपैकी कुणी म्हणे निळा आला, कुणी म्हणे हिरवा. ब्लाउज तर सगळे एकाच ताग्यातले! ऑफिसातून येऊन रात्री मी हॉलच्या पिवळट दिव्याखाली फोटो काढत असे. फोनचा कॅमेरा प्रकाशाचा पिवळेपणा आपल्या अंदाजाने काढून टाकतो. याला व्हाइट बॅलन्स म्हणतात. माझ्या भाषेत, पांढऱ्याला पांढरं ठेवायची कॅमेऱ्याची धडपड. पण चौकटीत सगळा गडद मोरपंखीच भरलेला असला आणि पांढरं काहीच नसलं, की बिचारा कॅमेरा अंदाज कशावरून बांधणार? तो रंगालाच दिव्याची छटा समजून थोडा पुसून टाकतो. शनिवारी सकाळी उजेडात काढले, तर भलतीच तांबूस झाक आली. समोरच्या टॉवरला नुकताच केशरी रंग दिलाय आणि सकाळचं ऊन त्यावर आपटून माझ्या बाल्कनीत येतं, हे समजायला मला अख्खा शनिवार लागला.

शेवटी जे जमलं ते साधं होतं. दुसऱ्या बाजूच्या खिडकीपाशी, थेट ऊन नसताना, घरातले सगळे दिवे बंद करून, ब्लाउजखाली मोठा पांढरा कागद. फोटोत कागद पिवळा किंवा निळसर दिसला, तर रंगही खोटा, फोटो बाद. एवढं करूनही एक गोष्ट उरलीच. ती वहिनीने ब्लाउज हातात धरून, तिरका करून दाखवली. या खणात ताणा निळा आणि बाणा हिरवा. समोरून पाहिलं तर निळा, कडेने पाहिलं तर हिरवा. तक्रार करणारे सगळेच खरं बोलत होते. एका फोटोत तो रंग मावणारच नव्हता, म्हणून आता एक फोटो समोरून आणि एक तिरका, आणि खाली ओळ: ‘निळा-हिरवा दुरंगी, उजेडाप्रमाणे बदलतो’.

आता मापं. इथे मी निर्धास्त होतो, कारण आकडे म्हणजे आपला प्रांत. तरी ‘फिटिंग नीट नाही’ म्हणून ब्लाउज येतच राहिले. विक्रेत्याच्या पानावर परत आलेल्या मालाचे दोन ढीग दिसतात, हेही मला उशिराच कळलं. एकाला आरटीओ म्हणतात. त्याचा गाडीच्या लायसनशी संबंध नाही. पार्सल गिऱ्हाइकापर्यंत पोचलंच नाही किंवा दारात पैसे द्यायच्या वेळी नाकारलं, म्हणून न उघडता परत आलं. त्यावर नाव-फोटो-मापांचा फारसा इलाज नाही. दुसरा ढीग उघडून, घालून बघून परत केलेल्यांचा. तोच आपला. मी सगळे एकत्र मोजून उगाच डोकं धरून बसलो होतो.

दुसऱ्या ढिगातल्या बायकांना वहिनीने स्वतः फोन लावले. मी विचारलं असतं तर कुणी सांगितलं नसतं. बहुतेकींचं उत्तर एकच: छातीला बसतो, दंडात अडकतो. खण ताणला जात नाही आणि मी मापात दंडघेर दिलाच नव्हता. मी दिलं होतं फक्त ‘साइज ३६’. त्यातही ३६ हे अंगाचं माप की ब्लाउजचं, याचा पत्ता नाही. वहिनी ३६ च्या अंगासाठी ब्लाउजचा घेर ३७ ठेवते, श्वास घ्यायला एक इंच. शिवाय शिलाईत माया असते. पुढचा-मागचा भाग आणि डावी-उजवी बाजू मिळून चार ठिकाणी प्रत्येकी पाऊण इंच सोडता येतो, म्हणजे घेर तीन इंचांनी वाढून ४० होतो. पण उसवलेल्या जागी सुईची भोकं आणि जुनी घडी दिसते, आणि घेर वाढवला म्हणून दंड आपोआप वाढत नाही. हे सगळं ती कित्येक वर्षं जाणते. मी विचारलंच नव्हतं.

तिने मग मोजायचं कसं तेही शिकवलं. हुक लावून ब्लाउज सपाट टेबलावर, सुरकुत्या हाताने काढायच्या पण ओढायचं नाही. एका काखेच्या शिलाईपासून दुसरीपर्यंत मोजायचं आणि दुप्पट करायचं. उंची गळ्याजवळच्या खांद्यापासून खालपर्यंत. बाहीची लांबी, बाहीचं तोंड, दंडघेर, पुढच्या आणि मागच्या गळ्याची खोली. इंच आणि सेंटिमीटर दोन्ही. आणि सगळ्यात वर एक ओळ: ‘तुमचा नीट बसणारा ब्लाउज असाच सपाट ठेवून मोजा आणि ताडून बघा.’ टेप ब्लाउजवर ठेवलेला फोटोही टाकला. मी खूश.

त्याच फोटोने माझी पुरती शोभा केली. नाशिकच्या एका बाईंनी निरोप पाठवला: ‘माझाही ब्लाउज ३७ घेराचाच आहे, पण तुमचा घट्ट होतोय. फोटोत तुमच्या टेपचा शून्य दिसत नाही, तो बघा.’ फोटो मोठा करून पाहिला. आईच्या शिवणाच्या डब्यातला तो टेप. टोकाची पत्र्याची पट्टी केव्हाच गळून पडलेली, सोबत पहिला अर्धा इंचही झिजून गेलेला. म्हणजे १८ इंच कापड माझ्या टेपवर साडेअठरा भरत होतं आणि दुप्पट केल्यावर त्या अर्ध्याचा एक इंच. वहिनीने सांगितलेले ३७ माझ्याही मापात ३७ च निघाल्यामुळे मला शंकाच आली नव्हती. मी फोटोतला ब्लाउज घेऊन माणला गेलो. वहिनीने आपल्या टेपने मोजला: ३६. मग तिच्या लक्षात आलं. दिवाळीच्या गर्दीत काही ब्लाउज तिने शेजारच्या मुलीकडून शिवून घेतले होते, आणि टेप कमी पडला म्हणून त्या मुलीला दिलेला टेप मीच डब्यातून काढून दिलेला. शिवताना चूक, मोजतानाही तीच चूक, त्यामुळे दोन्हीचा मेळ अगदी झकास बसत होता. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो, हे वहिनीने त्या वेळी काढलं नाही, दादाने काढलं.

नवा टेप आणला, तो स्टीलच्या पट्टीवर ताडून पाहिला. त्या घाण्यातले उरलेले ब्लाउज एकेक मोजून त्यांचं माप ‘अंग ३५, ब्लाउज ३६’ असं लिहून वेगळे टाकले. उसवले असते तर सुईची भोकं दिसली असती. ते विकले गेले. ‘दंडात अडकतो’ हे आता क्वचित ऐकू येतं. रंगाची तक्रार अधूनमधून येते, कारण गिऱ्हाइकाच्या फोनच्या पडद्यावर माझं काही चालत नाही. आणि ३६ व ३८ दोन्ही मागवून घरी घालून बघायचे, एक परत पाठवायचा, असं करणाऱ्या काही बायका आहेतच. त्यांच्यापुढे मापांचा तक्ता टिकत नाही. वहिनी म्हणते त्यांना नावं ठेवू नका, साडीच्या दुकानात आपण दहा साड्या उलगडायला लावतोच की. सध्या ती दंडघेराच्या शिलाईतही माया ठेवायला लागली आहे, आणि ती किती ते मला दर घाण्याला मोजून लिहावं लागतं.