चुकांची वही

माझ्या धाकट्या बहिणीला जर्मनीत कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना मिळण्यासाठी बी-१ पातळीचे प्रमाणपत्र हवे आहे. ग्योथे संस्थेच्या या परीक्षेचे वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार स्वतंत्र विभाग असतात. प्रत्येक विभागात १०० पैकी ६० गुण मिळवावे लागतात आणि राहिलेला विभाग पुन्हा एकटाच देता येतो. तिचा लेखनाचा विभाग तेवढा राहिला आहे. साठ मिनिटांत तीन मजकूर लिहायचे. पहिले दोन साधारण ऐंशी शब्दांचे आणि तिसरा चाळीस शब्दांचा. त्यासाठी ती दर पंधरवड्याला घड्याळ लावून घरीच सराव परीक्षा देते, शिक्षिकेकडून उत्तरपत्रिका तपासून घेते आणि चुका एका वहीत उतरवते.

ही वही प्रथम पाहिली तेव्हा तीत चुकीचे वाक्य आणि त्याखाली दुरुस्त वाक्य एवढेच होते. अशी साठ वाक्ये जमली होती. परीक्षेच्या आदल्या रात्री ती सगळी वाचून काढत असे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच लाल खूण. सॉफ्टवेअरच्या व्यवसायात आम्ही दोषांची नोंद ठेवतो तेव्हा दोष काय, यापेक्षा तो कशामुळे उद्भवला, हा रकाना अधिक मोलाचा असतो. तो रकाना या वहीत नव्हता.

तो भरताना एक वाक्य आम्हाला बराच वेळ पुरले. ‘मी बागेत जाते’ यासाठी तिने लिहिले होते ‘इश गेहे इम पार्क’. हवे होते ‘इन डेन पार्क’. दुसऱ्या एका उत्तरपत्रिकेत तिने ‘इन दी पार्क’ लिहिले होते. दोन्ही ठिकाणी लाल खूण एकच, पण दुखणे वेगळे. दुसऱ्या वाक्यात विभक्ती बरोबर होती. ‘पार्क’ शब्दाचे लिंग चुकले होते. तो पुल्लिंगी आहे हे शब्दासोबतच पाठ करावे लागते. तिथे व्याकरणाचा नियम कितीही घोटला तरी उपयोग नाही. पहिल्या वाक्यात मात्र लिंग अचूक होते आणि विभक्ती चुकली होती. जर्मनमध्ये ‘इन’ या शब्दानंतर ठिकाण स्थिर असेल तर दातीफ येते आणि त्या ठिकाणी प्रवेश होत असेल तर अकुझातीफ.

ती म्हणाली, “दादा, आपल्याकडे दोन्ही ‘बागेत’च ना? बागेत बसते, बागेत जाते.”

कारणाच्या रकान्यात नेमके हेच लिहिले गेले: मराठीचा ‘त’ दोन्ही कामे करतो. माझ्या मते त्या वहीतली ही सर्वांत उपयुक्त ओळ आहे, कारण कोणत्याही जर्मन पाठ्यपुस्तकात ती मराठी माणसासाठी लिहिलेली सापडणार नाही.

मग तिने नियम टिपला: हालचालीचे क्रियापद असेल तर अकुझातीफ. पुढच्याच सराव परीक्षेत हा नियम अडखळला. ‘आम्ही तळ्यात पोहतो’ हे तिने ‘इन डेन झे’ असे लिहिले. बरोबर रूप ‘इम झे’. पोहण्यात हालचाल आहे, पण पोहणारा आधीपासून तळ्यातच आहे. नियम खोडून त्या जागी प्रश्न आला: या क्रियेमुळे कर्ता बाहेरून आत गेला का? तळ्यात-मळ्यात खेळलेल्या माणसाला हा प्रश्न वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आता उजळणीची रीत बदलली आहे. आदल्या संध्याकाळी ती दुरुस्त वाक्ये कागदाने झाकते आणि चुकीचे वाक्य स्वतः सुधारते; नुसते वाचले की सगळेच ओळखीचे वाटते. सगळी वहीही ती उघडत नाही. वारंवार आलेली तीन कारणे निवडते आणि प्रत्येकाचा एक प्रश्न करते. परीक्षेत शेवटची सात-आठ मिनिटे राखून त्या प्रश्नांसह मजकुरावरून नजर फिरवते. ‘इन’ दिसला की थांबायचे, विचारायचे, पुढे जायचे. लिंगाच्या चुका वहीतून काढून शब्दसंग्रहात गेल्या आहेत. जो नियम अजून शिकवलाच गेलेला नाही, त्याची चूक येथे नोंदवली जात नाही.

सलग तीन परीक्षांत चूक दिसली नाही तर ती नोंद निकाली काढायची, असे ठरले होते. मला त्यात एक फट दिसली. एका उत्तरपत्रिकेत ‘इन’ची एकही चूक नव्हती, तेव्हा मी वापर मोजले: ‘कुठे जाणे’ असे एकही वाक्य नव्हते! धास्तीने तिने ती रचनाच टाळली होती. म्हणून आता चुकांच्या शेजारी वापरांची संख्याही लिहितो. गेल्या खेपेला वापर सहा, चूक एक. नोंद अजून वहीतच आहे, आणि पुढची सराव परीक्षा येत्या रविवारी आहे.