एक ते चार

मुंबई रात्री झोपत नाही, असं म्हणणारे बहुतेक लोक त्या वेळी झोपलेले असतात. ज्याची पाळी रात्री सुटते त्याला विचारा. तो सांगेल की हे शहर रोज तीन तास बंद होतं. एकच्या सुमाराला शेवटची लोकल जाते आणि चारनंतर पहिली निघते. मधल्या वेळात रुळांची देखभाल होते. या तीन तासांत कोणती दारं उघडी असतात याचा नकाशा कामगाराच्या डोक्यात असतो, कागदावर कुठेच नसतो. मी तो थोडाफार कागदावर आणतोय. पण नुसती दारं सांगून भागणार नाही. त्या दारांत काय बोलायचं आणि कोणता कागद घेऊन बाहेर पडायचं, ते जास्त महत्त्वाचं आहे.

आधी चुलीचं सांगतो. रात्री खायला कुठे मिळतं? साधा हिशोब आहे : जिथे माल उतरतो तिथे चूल पेटते. दादरचा फुलबाजार पहाटेच्याही आधी जागा होतो, म्हणून तिथे चहा असतो. ससून डॉकवर मासळी उतरते, तिथेही असतो. मोठ्या सरकारी इस्पितळाच्या गेटबाहेर पेशंटचे नातेवाईक ताटकळत बसलेले असतात, तिथे असतो. बाकी ठिकाणी सायकलवाला चहावाला. हँडलला थर्मास, मागे बिडी-सिगारेट, बिस्किटं. त्याची जागा ठरलेली नसते, कारण कोणी उभं राहू देत नाही. भुर्जी-पाव मिळाला तर समोर तव्यावर केलेला घ्या. संध्याकाळपासून उघडी पडलेली चटणी घेऊ नका, कापलेली फळं तर नकोच. रात्रीच्या पाळीत पोट बिघडलं की दुसऱ्या दिवसाचा खाडा पक्का.

कायदा काय म्हणतो? २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने आणि आस्थापना अधिनियमाने दुकानं चोवीस तास उघडी ठेवायची वाट मोकळी केली. जानेवारी २०२० मध्ये मुंबईत रात्रभर व्यवहाराची घोषणा झाली, ती मॉल आणि मिल कंपाउंडांसाठी. मिल कंपाउंड! जिथे आमच्या आज्यांची तिसरी पाळी चालायची, तिथे आता रात्री बसून खायची सोय. पण त्या कंपाउंडात भांडी घासणाऱ्या पोराला घरी जायला गाडी मिळावी, हे त्या घोषणेत नव्हतं. दुकान रात्रभर उघडं ठेवता येतं, आणि त्यात राबणारा माणूस रात्रभर अडकून पडतो.

आता त्या रात्रीचं सांगतो. साकीनाक्याच्या गल्लीत आमची रंगाई-धुलाईची छोटी मिल आहे. दुसरी पाळी बाराला सुटते. त्या दिवशी माल तटला होता म्हणून ठेकेदाराने एकपर्यंत थांबवलं. जादा तास वहीत नाही, तोंडी. शेवटची कल्याण गाडी गेलेलीच होती. अशा वेळी आमची पोरं कुर्ला स्टेशनच्या बाहेर चहावर चारपर्यंत वेळ काढतात. आमच्यातला डोंबिवलीला राहणारा एक पोरगा स्टेशनकडे चालला होता. वीस मिनिटं झाली असतील, मागून मोटरसायलवाल्याने उडवलं आणि पळाला. मनगट सुजून गोळा झालं, कोपरापासून कातडी सोललेली, रक्त चालू.

जवळच एक खाजगी नर्सिंग होम होतं. पाटीवर लिहिलेलं : २४ तास. वॉचमन म्हणाला, डॉक्टर सकाळी येतील. आणि भरती करायचं तर आधी डिपॉझिट. खरं तर सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलंय की जखमी माणसाला आधी उपचार द्यायचे, बाकीचं नंतर. पण रात्री दीड वाजता वॉचमनशी कायदा बोलून रक्त थांबत नाही. म्हणून चोवीस तासांची पाटी वाचू नका, आतला उजेड बघा. ड्रेसिंगच्या खोलीत दिवा आहे का, काउंटरवर नर्स आहे का. नुसत्या जिन्यात दिवा असेल तर ते इस्पितळ नाही, ती पाटी आहे.

अशा वेळी १०८ नंबर फिरवता येतो. ती अॅम्ब्युलन्स फुकट असते आणि तिच्यात डॉक्टर असतो. माणूस बेशुद्ध असेल, मान किंवा पाठ दुखत असेल, तर तिचीच वाट बघायची. रिक्षात कोंबायचं नाही. आमचा पोरगा चालत होता, बोलत होता, म्हणून आम्ही रिक्षा केली आणि सरळ सायन इस्पितळ धरलं. रिक्षाचं एक लक्षात ठेवा : ती सायन आणि वांद्र्यापर्यंतच. पुढे शहरात टॅक्सी लागते. बारा ते पहाटे पाच भाडं सव्वापट असतं, त्यापुढचं मागितलं तर हुज्जत घालायला हरकत नाही. सायन, केईएम, नायर, कूपर, राजावाडी या महापालिकेच्या इस्पितळांत अपघात विभाग रात्रभर चालू असतो. तिथे गर्दी असते, वास असतो, ओरडा असतो. पण दार उघडं असतं आणि डिपॉझिट मागत नाहीत.

दोनच्या आत आम्ही टेबलासमोर होतो. आणि तेवढ्यात ठेकेदाराचा फोन आला. पोराला म्हणाला, "सांग, घरी बाथरूममध्ये घसरलो. उगाच लफडं नको. खर्चाचं मी बघतो."

पोरगा गोंधळला. ठेकेदाराकडे उद्याही काम मागायचं होतं. बाजूला लादी पुसणारी मावशी होती, आपल्याच वस्तीतली वाटली. ती पुसता पुसता म्हणाली, "बाळा, पेपरावर जे लिहितील तेच खरं होतं बघ. आधी नीट सांग, मग सही कर."

मित्रहो, सगळा लेख मी या एका वाक्यासाठी लिहितोय.

केसपेपरवर डॉक्टर एक-दोन ओळींत हकीकत लिहितो : कधी, कुठे, कसं लागलं. आपण म्हणू तेच लिहितो. तिथे 'घरी पडला' असं लिहिलं की कामगार म्हणून तुमचा हक्क तिथेच मेला. आमच्या पोराने सांगितलं : कामावरून घरी जायला स्टेशनकडे चालत होतो, कुर्ल्याच्या रस्त्यावर, एक वीसला, मोटरसायकलने धडक दिली. डॉक्टरने तसंच लिहिलं. रस्त्यावरचा अपघात म्हणून ते पोलीस केस ठरलं, एमएलसी. इस्पितळातल्या हवालदाराने जबाब घेतला. जबाब वाचून घ्या, वाचता येत नसेल तर दुसऱ्याकडून वाचून घ्या, आणि एमएलसीचा नंबर हातावर लिहून का होईना, पण घ्या. मग धनुर्वाताचं इंजेक्शन, टाके, एक्स-रे. मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर होईपर्यंत साडेतीन वाजले.

एक औषध आत नव्हतं. बाहेरची चिठ्ठी मिळाली. मोठ्या इस्पितळासमोर औषधाचं एखादं दुकान रात्रभर चालू सापडतंच. शटर अर्धं खाली असतं, जाळीतून हात घालून चिठ्ठी द्यायची. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागू नका. देणारा दुकानदार कायदा मोडतोय आणि तुम्हालाही भलतंच देईल. खिशात पैसे कमी असतील तर दोन दिवसांच्याच गोळ्या घ्या, पण मुदतीची तारीख ज्या टोकाला छापलीय तो तुकडा बघून घ्या. आणि बिल मागा. रात्री बिल द्यायला दुकानदार कुरकुरतो. तरी मागा. तोही कागदच आहे.

कागद कशासाठी? ईएसआयसाठी. १ जुलै २०१९ पासून आपल्या पगारातून पाऊण टक्का कापतात आणि मालकाने सव्वातीन टक्के भरायचे असतात. कामावर लागलं तर फायदा मिळतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण कामावर जाता-येताना झालेला अपघातही कामावरचाच धरतात, हे फार थोड्यांना माहीत आहे. २०१० च्या दुरुस्तीने ५१-ई कलम आलं, आणि पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद ठेवली आहे. अट एकच : वेळ, जागा आणि काम यांचा सांधा जुळला पाहिजे. दुखण्याने तीन दिवस तरी काम सुटलं, अपघाताचा दिवस सोडून, तर सरासरी रोजाच्या नव्वद टक्के पैसे मिळतात. रोज ५०० पडत असेल तर दिवसाला ४५०. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये म्हणजे ४२ दिवसांचे १८,९००. ठेकेदार 'खर्चाचं बघतो' म्हणाला होता तो फार तर गोळ्यांचा.

सकाळी पोराने मिलमध्ये लेखी खबर दिली आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. पुढे अडलं कुठे? वेळेत. हजेरीत पाळी बाराला सुटलेली, अपघात एक वीसचा. मधला तास कुठे होता? जादा काम वहीत नाही, आणि ठेकेदार कानावर हात ठेवतो. शेवटी पाळीतल्या आम्ही तिघांनी सह्या करून लिहून दिलं की एकपर्यंत मशीन चालू होतं. केसपेपरवरची वेळ त्याला जुळली. पैसे दोन महिन्यांनी आले, पण आले. म्हणून जादा तास तोंडी असेल तर निघताना साथीदाराला फोनवर एक ओळ पाठवून ठेवा : आत्ता सुटलो. त्या ओळीवर वेळ छापलेली असते.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते तेव्हा, १९४३ साली, अडारकरांना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायला नेमलं. त्यातून १९४८ चा ईएसआय कायदा उभा राहिला. आपण जयंतीला हे भाषणात सांगतो. पण वस्तीतल्या किती पोरांच्या पाकिटात विमा नंबर लिहिलेला असतो? रात्री दोनला टेबलासमोर तोच लागतो.

कार्यकर्त्यांना माझं एवढंच सांगणं. आपापल्या वस्तीतून रात्री कामाला जाणाऱ्यांची यादी करा. वॉचमन, सफाईवाले, हॉटेलातली पोरं, इस्पितळातल्या मावश्या. कुठलं औषधाचं दुकान खरंच उघडं असतं, कुठल्या इस्पितळात रात्री एक्स-रे होतो, चहा कुठे मिळतो, हे त्यांनाच विचारा. आणि एका पानावर लिहून विहाराच्या भिंतीला लावा. त्याच पानावर खाली मोठ्या अक्षरांत लिहा : केसपेपरवर 'कामावरून येताना' लिहून घ्या.

जय भीम.